प्रेसिंगचा आकडा आणि त्यात न मावणारा खेळ

२०२२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लीड्स युनायटेडने पाच सामन्यांत वीस गोल खाल्ले. ॲस्टन व्हिलाशी ३-३ अशी बरोबरी झाली. मग एव्हर्टनकडून ०-३, मँचेस्टर युनायटेडकडून २-४, लिव्हरपूलकडून ०-६ आणि टॉटनहॅमकडून ०-४ असे पराभव झाले, आणि शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, मार्सेलो बिएल्सा यांना प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. या संघाबद्दल लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, प्रतिस्पर्ध्यावर किती जोराने चालून जाता हे सांगणारा जो आकडा फुटबॉलच्या विश्लेषणात सर्वाधिक वापरला जातो, त्यात लीड्सचे नाव त्या हंगामातही आणि त्याआधीच्या हंगामातही अगदी वरच्या मोजक्या संघांत होते. त्याआधीच्या, म्हणजे २०२०-२१ च्या हंगामात हाच संघ सोळा वर्षांनंतर पहिल्या श्रेणीत परतून ५९ गुणांसह नववा आला होता. पुढच्या हंगामात तो ३८ गुणांवर सतराव्या क्रमांकावर अडखळला, त्याने ७९ गोल खाल्ले आणि तो शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. प्रेसिंगच्या, म्हणजे चेंडू हिसकावण्यासाठी प्रतिस्पर्ध्यावर चालून जाऊन दडपण आणण्याच्या, आकड्याने मात्र या दोन हंगामांत एकाच स्वभावाचा संघ दाखवला.

यावरून आकडा खोटा ठरत नाही. त्याने जे मोजायचे ते बरोबर मोजले होते. आपण त्याच्याकडून जे ऐकू पाहतो ते मात्र त्याच्यापाशी नव्हतेच. माझे म्हणणे एवढेच आहे की, संघ चेंडूसाठी मैदानाच्या कोणत्या भागात झगडायचे ठरवतो याबद्दल हा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह माहिती देतो. पण संघ किती मेहनत करतो, ते दडपण किती उपयोगी पडते आणि ते फुटल्यावर काय किंमत मोजावी लागते, यांबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. तरीही सामन्याच्या मध्यंतरात पडद्यावर झळकणाऱ्या तक्त्यांत आणि प्रशिक्षकांच्या नेमणुकांवरच्या चर्चांत तो नेमका या दुसऱ्या कामासाठीच वापरला जातो.

आकड्याचे नाव पीपीडीए. एका बचावात्मक कृतीमागे प्रतिस्पर्ध्याला किती पास करू दिले, याचे हे गुणोत्तर आहे. विश्लेषक कॉलिन ट्रेनर यांनी २०१४ साली ते मांडले आणि पुढच्या काही वर्षांत ते जगभर पसरले. मांडणी सोपी आहे. प्रतिस्पर्ध्याने केलेले पास अंशस्थानी घ्यायचे, आणि आपण केलेल्या टॅकल, इंटरसेप्शन म्हणजे वाटेतच अडवलेले पास, फसलेल्या टॅकल व फाउल यांची बेरीज छेदस्थानी घ्यायची. आकडा जितका लहान तितके प्रेसिंग आक्रमक, असे मानायचे. यात एक महत्त्वाची अट आहे. हे सगळे मैदानाच्या ठरावीक भागातच मोजायचे, म्हणजे आपल्या गोलपासूनचा ४० टक्के भाग सोडून उरलेल्या ६० टक्क्यांत. मैदान १०५ मीटर लांब धरले, तर आपल्या गोलपासून ४२ मीटरपर्यंत जे घडते ते हिशेबात येत नाही. त्यामागचे कारण उघड आहे. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रासमोर चेंडू आला की प्रत्येक संघ झटतोच. तिथल्या टॅकलवरून तो संघ पुढे जाऊन दडपण आणतो की नाही हे कळत नाही.

उदाहरणादाखल, एखाद्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने त्या ६० टक्के भागात २८० पास केले आणि आपण तिथे २८ बचावात्मक कृती केल्या, तर पीपीडीए १० येतो. दहा पासमागे एकदा आपण मध्ये पडलो, असा त्याचा अर्थ.

या गुणोत्तराचे खरे श्रेय समजून घ्यायचे, तर त्याआधी काय केले जात असे ते आठवावे लागेल. पूर्वी नुसते टॅकल मोजले जात. त्यात मोठी अडचण अशी की, ज्या संघाकडे चेंडू कमी वेळ असतो त्याला टॅकल करण्याची संधी जास्त मिळते. सामन्यातला सत्तर टक्के वेळ चेंडू स्वतःकडे ठेवणारा संघ उरलेल्या तीस टक्क्यांत कितीही तुटून पडला, तरी टॅकलच्या यादीत तो तळाशी दिसणार, आणि दिवसभर मागे बसून चेंडूमागे धावणारा संघ वर दिसणार. पासने भागल्यामुळे हा दोष बराचसा निघून जातो. प्रतिस्पर्ध्याला चेंडू खेळवायला जेवढा वाव मिळाला त्या प्रमाणात तुम्ही किती वेळा आडवे आलात, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो योग्य प्रश्न आहे. म्हणूनच हंगामभराच्या तक्त्यात एका टोकाला बिएल्सांसारख्या प्रशिक्षकाचे संघ आणि दुसऱ्या टोकाला आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे दोन भिंती उभारून बसणारे संघ नेमके वेगळे निघतात. इतक्या साध्या भागाकाराने एवढे साधावे हे थोडे नाही, आणि ज्याला केवळ एवढेच हवे आहे त्याने हा आकडा निःशंक वापरावा.

अडचण छेदापासून सुरू होते. त्यात चारच कृती आहेत, आणि दडपणाची फळे या चार कृतींखेरीज इतर अनेक वाटांनी हाती येतात. एक प्रसंग पावला-पावलाने पाहू. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाने उजव्या मध्य-बचावपटूला पास दिला. आपला आघाडीपटू त्याच्याकडे सरळ न धावता बाहेरच्या बाजूने वळण घेत आला, म्हणजे धावताना त्याच्या अंगाआड उजव्या बॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, जाणारी वाट बंद झाली. आतल्या बाजूला त्यांच्या बचावात्मक मिडफिल्डरला आपल्या एकाने चिकटून धरले आहे. बचावपटूकडे पर्याय उरला नाही, त्याने चेंडू गोलरक्षकाला परत दिला. आघाडीपटू न थांबता तसाच गोलरक्षकावर धावला, आणि गोलरक्षकाने घाईने डाव्या पायाने चेंडू लांब भिरकावला. आपल्या बचावपटूने स्वतःच्या गोलपासून पस्तीस मीटरवर तो डोक्याने सहज काढला आणि चेंडू आपल्याकडे आला. दहा-बारा सेकंदांचा खेळ. प्रशिक्षक यापेक्षा चांगले काही मागणार नाही. पण पीपीडीएच्या वहीत याची नोंद कशी होते? अंशात तीन पास जमा झाले, कारण लांब भिरकावलेला चेंडूही पासच असतो आणि तो त्यांच्या गोलजवळून निघालेला आहे. छेदात शून्य. हेडर त्या चार कृतींत बसत नाही, आणि तो बसला असता तरी मोजणीच्या क्षेत्राबाहेर घडला आहे. ज्या प्रसंगात दडपणाने पूर्ण काम केले, त्या प्रसंगाने आकडा वाढवला, म्हणजे संघाला कमी आक्रमक ठरवले.

वर वर्णन केलेली वळण घेणारी धाव हा कल्पनेचा खेळ नाही. युर्गन क्लॉप यांच्या लिव्हरपूलमध्ये सादियो माने आणि मोहम्मद सलाह हे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या मध्य-बचावपटूंवर असेच बाहेरून चालून येत, बॅककडे जाणारा पास अंगाआड बंद करत, आणि मध्ये रॉबर्टो फर्मिनो मिडफिल्डरकडे जाणारी वाट अडवून उभा असे. चेंडू त्यांना बऱ्याचदा स्वतः हिसकावा लागतच नसे; तो मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी पायांत आपसूक येऊन पडे. क्रिकेट पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: पॉइंटला रवींद्र जडेजा उभा असला की फलंदाज तिकडे चोरटी धाव घेण्याचा विचारच सोडून देतो, आणि त्या न घेतलेल्या धावा कोणत्याही धावफलकात जडेजाच्या नावे लागत नाहीत. पीपीडीए घडलेल्या टक्करी मोजतो. टक्कर टळली कारण समोरच्याने आधीच हार मानली, हे तो मोजू शकत नाही.

याचा आकड्यांत किती फरक पडतो? वरच्या उदाहरणात २८० पास आणि २८ कृती होत्या. त्याच संघाने, त्याच धावपळीने, त्यांतल्या दहा वेळा टॅकल करून चेंडू घेण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला लांब फटका मारायला भाग पाडले असते, तर छेदात १८ उरले असते आणि पीपीडीए १५.६ झाला असता. दहा हा आकडा पाहून आपण ज्याला धडाडीचा संघ म्हणतो, तोच संघ साडेपंधरा पाहून सावध आणि मागे सरकणारा ठरतो. पायांत तेवढाच घाम, चेंडूही तेवढ्याच वेळा परत, फक्त परत येण्याची रीत वेगळी.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडते, आणि लीड्सचे प्रकरण इथे उलगडते. बिएल्सांचा संघ मैदानभर माणसामागे माणूस लावत असे. मागे एक बचावपटू मोकळा, पुढे प्रतिस्पर्ध्याचा एक बचावपटू मोकळा, आणि बाकी प्रत्येकाच्या अंगाशी लीड्सचा एक जण. या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याचा जवळजवळ प्रत्येक पास हा द्वंद्वाला आमंत्रण असतो, कारण पास घेणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी आधीच उभा असतो. साहजिकच टॅकलचे प्रयत्न भरपूर, फाउल भरपूर, आणि पीपीडीए लहान. आता लक्षात घ्या की छेदात फसलेली टॅकलही आहे. ट्रेनर यांनी ती मुद्दाम घेतली होती आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण त्यांना संघाचा इरादा मोजायचा होता, यश नाही. पण परिणाम असा होतो की, मैदानाच्या मध्यावर एखादा मिडफिल्डर चकवला गेला आणि त्याच्या मागे मोकळे रान पडले, तर तो प्रसंगही आकडा सुधारतो. माणसामागे माणूस लावणाऱ्या संघात एक जण चकला की त्याची जागा भरायला आपला माणूस सोडून कोणीतरी यावे लागते, मग त्याचा माणूस मोकळा सुटतो, आणि तीन पासांत चेंडू गोलसमोर. हे पुढचे तीन पास बहुधा आपल्याच ४० टक्के भागात होतात, म्हणजे तेही मोजणीबाहेर. बाजी जिथून उलटायला सुरुवात झाली ती घटना संघाच्या खात्यात जमा, आणि जिथे गोल झाला तो भाग वहीतच नाही.

२०२१-२२ च्या त्या हंगामात डिसेंबरपासून लीड्सचे कॅल्विन फिलिप्स आणि लियाम कूपर दोघेही जायबंदी होते. मधल्या फळीत पडलेली भगदाडे बुजवणारे आणि मागच्या फळीला हाक देणारे हे दोन खेळाडू नसताना संघाने पद्धत बदलली नाही. चालून जाणे तसेच चालू राहिले आणि चालून गेल्यावर मागे काय उरते ते मात्र बदलले. ज्याने केवळ पीपीडीएकडे पाहिले असेल त्याला लीड्समध्ये काही बिघडले आहे याची चाहूलही लागली नसती. गोल का होत आहेत याचे उत्तर शोधणाऱ्याने दुसरी गोष्ट पाहायला हवी होती: प्रतिस्पर्धी लीड्सची पहिली फळी ओलांडून गेल्यावर किती वेळात आणि किती वेळा गोलवर फटका मारतो. इंग्लंडमध्ये तेव्हा बिएल्सांच्या हट्टाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. हट्ट होता यात शंका नाही, पण तो चूक होता की नाही हे ठरवायला प्रेसिंगचा आकडा कोणत्याच बाजूने साक्षीदार होऊ शकत नव्हता.

दुसरा विषय प्रतिस्पर्ध्याचा. पीपीडीए एका संघाच्या नावावर छापला जातो, पण त्याचा अंश पूर्णपणे समोरच्या संघाच्या हातात असतो. ज्या संघाला मागून पास करत खेळ उभारायचा आहे त्याचे दोन मध्य-बचावपटू आणि गोलरक्षक एकमेकांत निवांत वीस पास करतील. ज्या संघाला पहिल्याच स्पर्शात चेंडू उंच मारायचा आहे तो त्या भागात फारसे पास करणारच नाही, आणि मग अंशही लहान, छेदही लहान, आणि गुणोत्तर कसेही हेलकावे खाणारे. डिएगो सिमिओने यांच्या ॲटलेटिको माद्रिदने जी पद्धत गाजवली तिच्यात तर अंश फुगणे हीच योजना असते. चार-चारच्या दोन फळ्या मधल्या पट्ट्यात दाटीने उभ्या करायच्या, प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना आपापसांत खुशाल खेळू द्यायचे, आणि चेंडू कडेच्या रेषेजवळच्या बॅककडे गेला की तिघांनी एकदम झडप घालायची. हा सापळा आहे, आणि सापळ्याला वाट पाहावी लागते. वाट पाहताना मोजले जाणारे पंधरा-वीस निरुपद्रवी पास पीपीडीएला मोठा करतात. त्यावरून या संघाला सुस्त म्हणणे म्हणजे त्याची पद्धत न समजणे होय.

यावर एक उपाय आहे आणि तो कठीणही नाही. प्रतिस्पर्ध्याशी इतर संघ खेळतात तेव्हा सरासरी किती पीपीडीए दिसतो ते काढायचे, आणि आपला आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा. इतरांचा त्या संघाविरुद्धचा आकडा १४ असेल आणि आपला ११, तर आपण खरोखर नेहमीपेक्षा जास्त आडवे आलो. इतरांचा ९ असेल आणि आपला ११, तर तोच अकरा उलटे सांगतो. क्लबांचे विश्लेषक हे करतात. पडद्यावर झळकणारा आकडा मात्र नेहमी एकटाच येतो.

धावफलकाचा परिणाम याहूनही मोठा असतो. आघाडीवर असलेला संघ मागे सरतो, हे फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, पण आकडा वाचताना ते विसरले जाते. समजा, एका संघाने पहिल्या अर्ध्या तासात, बरोबरी असताना, ९० पासमागे १२ कृती केल्या, पीपीडीए ७.५. मग गोल झाला, आणि उरलेल्या तासाभरात त्याने ठरवून मागे बसून २६० पास होऊ दिले व १६ कृती केल्या; पीपीडीए १६ च्या वर. संपूर्ण सामन्याचा आकडा येतो ३५० भागिले २८, म्हणजे १२.५. हा साडेबारा त्या सामन्यात एकाही क्षणी अस्तित्वात नव्हता. संघ एक वेळ साडेसातचा होता आणि एक वेळ सोळाचा. ज्या संघाने हंगामात बऱ्याच सामन्यांत लवकर आघाडी घेतली त्याचा हंगामाचा आकडा त्यामुळे वाढतो, आणि सतत पिछाडीवर राहून चेंडूमागे धावणाऱ्या कमकुवत संघाचा आकडा घटतो. सामना बरोबरीत असतानाचा पीपीडीए वेगळा काढला, तरच संघाचा मूळ स्वभाव हाती लागतो. त्यात मिनिटे कमी उरतात हे खरे, आणि त्यातून पुढचा प्रश्न निघतो.

एका सामन्यातला छेद फार छोटा असतो. समजा ३०० पास आणि २० कृती, पीपीडीए १५. वीसच्या आसपासच्या मोजणीत चार-पाचांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो: एक चेंडू निसरड्या गवतावर पायातून सुटला, एक फाउल पंचांनी दिला नाही, एक इंटरसेप्शन मोजणीची रेषा ओलांडून हातभर आत झाले. कृती २४ झाल्या तर आकडा १२.५, सोळा झाल्या तर १८.७५. संघाने काहीही वेगळे केलेले नसताना सामन्या-सामन्याला आकडा एवढा हलू शकतो, आणि आपल्याकडचे वाचक ‘गेल्या सामन्यात १८ होता, या वेळी १३ झाला, म्हणजे नव्या प्रशिक्षकाचा परिणाम दिसू लागला’ असे वाचून समाधानाने मान डोलावतात. दहा-बारा सामने जमल्याशिवाय अशा वाक्यावर विश्वास ठेवू नये.

सरासरी काढण्यातही एक खोच आहे. एका सामन्यात २०० पासमागे १० कृती, म्हणजे २०. दुसऱ्यात २०० मागे ४०, म्हणजे ५. या दोन आकड्यांची सरासरी १२.५ येते. पण पास आणि कृती आधी एकत्र करून भागल्या, तर ४०० भागिले ५०, म्हणजे ८ येतात. दोन्ही हिशेब छापले जातात, आणि कोणता केला ते सहसा लिहिलेले नसते. शिवाय पास फक्त यशस्वी धरायचे की सगळे, ४० टक्क्यांची रेषा घ्यायची की मैदानाचा मध्य, याबाबतही माहिती पुरवणाऱ्यांत एकवाक्यता नाही. त्यामुळे दोन वेगळ्या संकेतस्थळांवरचे आकडे शेजारी मांडून वाद घालण्यात अर्थ नसतो.

हे सगळे स्वतः तपासून पाहण्याची एक चांगली सोय आपल्या अगदी दाराशी आहे. इंडियन सुपर लीगच्या २०२१-२२ च्या हंगामातील सामन्यांची घटनावार माहिती, म्हणजे प्रत्येक पास, टॅकल वगैरेंची नोंद, स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने सर्वांसाठी मोफत खुली केलेली आहे. करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, मडगावचे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीनच मैदानांवर खेळला गेला, आणि अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर हैदराबादने केरळा ब्लास्टर्सना पेनल्टीवर हरवले. अभ्यासाच्या दृष्टीने असा हंगाम विरळा. घरचे मैदान, कोलकात्याहून बंगळुरूला जाणारा प्रवास, एका शहरातली थंडी आणि दुसऱ्यातला उकाडा, हे सगळे फरक एकदम गळून पडतात. अकराही संघ त्याच दमट हवेत, त्याच गवतावर खेळले. संघांच्या प्रेसिंगची तुलना करायची तर इतकी सारखी परिस्थिती सहसा मिळत नाही. अर्थात जानेवारी २०२२ मध्ये साथीने अनेक सामने पुढे ढकलावे लागले आणि काही संघ विलगीकरणातून अर्धवट सरावाने उतरले, तेवढी सावधगिरी ठेवायलाच हवी.

या माहितीवर हिशेब करताना एक चूक हमखास होते. इथे मैदान १२० बाय ८० एककांचे मानलेले असते आणि प्रत्येक घटनेची जागा ती घटना करणाऱ्या संघाच्या नजरेतून नोंदवलेली असते. प्रत्येक संघ जणू डावीकडून उजवीकडेच हल्ला करतो. त्यामुळे आपल्या कृती ४८ च्या पुढच्या घ्यायच्या, पण प्रतिस्पर्ध्याचे पास ७२ च्या आतले घ्यायचे, कारण तो त्यांचा मागचा ६० टक्के भाग आहे. दोन्हींना ४८ चीच अट लावली, तर उत्तर दिसायला अगदी साजेसे येते आणि पूर्ण चुकीचे असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: मोजलेल्या पासांत प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाचे पास आहेत का ते पाहावे. तेच गायब असतील, तर रेषा उलटी पडली आहे.

त्याच माहितीत आणखी एक नोंद आहे, आणि ती पीपीडीएच्या मोठ्या उणिवेवरचा सध्याचा सर्वांत सुलभ उतारा आहे. चेंडू घेणाऱ्या, नेणाऱ्या किंवा सोडणाऱ्या खेळाडूवर कोणी चालून गेला की `Pressure` ही वेगळी घटना, तिच्या वेळेसह आणि कालावधीसह, नोंदवली जाते. मग त्यातून टॅकल होवो वा न होवो. वर सांगितलेल्या प्रसंगात बचावपटूवरची धाव आणि मग गोलरक्षकावरची धाव अशा दोन नोंदी इथे दिसतील, जिथे पीपीडीएकडे शून्य होते. त्यानंतर पाच सेकंदांत चेंडू कोणाकडे गेला हे त्याच यादीत पुढे वाचता येते, म्हणजे दडपण आणले आणि ते फळले, दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. याच्याही मर्यादा आहेत. किती जवळ गेले म्हणजे दडपण, हे शेवटी चित्रफीत पाहून नोंद करणारा माणूस ठरवतो, आणि फर्मिनो नुसता वाटेत उभा राहून जे साधत असे ते याही नोंदीत पूर्ण उतरत नाही. त्यासाठी सेकंदाला पंचवीस वेळा सगळ्या बावीस खेळाडूंची जागा टिपणारी माहिती लागते, जी क्लबांकडे असते आणि सामान्य वाचकाला बहुधा मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि आजच पूर्ण होण्यासारखी आहे. सामन्याच्या प्रक्षेपणात आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर पीपीडीए छापायचा असेल, तर तो सामना बरोबरीत असतानाचा आणि त्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या इतरांच्या सरासरीसह छापावा, आणि शेजारी एवढेच द्यावे की प्रतिस्पर्ध्याने मागून सुरू केलेल्या चालींपैकी किती चाली लांब फटक्यात संपल्या आणि किती थेट आपल्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत पोहोचल्या. ही दोन्ही मोजमापे त्याच घटनावार माहितीतून निघतात, वेगळा खर्च लागत नाही. लीड्सच्या बाबतीत यांतल्या दुसऱ्या आकड्याकडे लक्ष ठेवणाऱ्याला, गोलांचा पाऊस सुरू होण्याची वाट न पाहता, चालून जाणाऱ्या संघाच्या मागे किती जागा मोकळी पडत आहे हे आठवड्या-आठवड्याला तपासता आले असते.

आक्षेप असा घेतला जातो की, प्रेक्षकाला एवढा तपशील झेपत नाही, त्याला एकच ठसठशीत आकडा हवा असतो. मला हे पटत नाही. ज्या देशातला सामान्य प्रेक्षक गोलंदाजाची इकॉनॉमी पॉवरप्लेमधली आणि शेवटच्या षटकांतली वेगळी वाचतो, आणि डकवर्थ-लुइसच्या गणितावर चहाच्या टपरीवर हुज्जत घालतो, त्याला बरोबरीतला पीपीडीए आणि आघाडीवरचा पीपीडीए हे दोन आकडे शेजारी दाखवले तर तो गोंधळेल, असे मानायला काही आधार नाही.